नफा दिसतो, पैसा कुठाय? पतसंस्थेचा जुना लेखापरीक्षण अहवाल वाचताना

सहकारी पतसंस्थांच्या इतिहासावर काम करायचं असेल तर लेखापरीक्षण अहवाल हे महत्त्वाचं साधन आहे. पण त्यातला नफ्याचा आकडा सरळ उचलून आपल्या तक्त्यात टाकू नका. का, ते एका हिशोबातून बघू.

समजा, एका सभासदाने १०,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज वर्षाला १२ टक्के. वर्ष संपलं, पण त्याने एक पैसाही भरला नाही. नियमाप्रमाणे कर्ज थकबाकीत जायला हवं. त्याऐवजी संस्थेने ३१ मार्चला किर्दीत दाखवलं की त्याने ११,२०० रुपये भरले आणि त्याच दिवशी त्याला ११,२०० रुपयांचं नवं कर्ज दिलं. यालाच गावाकडे 'नवं-जुनं करणं' म्हणतात.

आता बघा काय झालं. रोख शिल्लक तेवढीच राहिली, थकबाकी मात्र गायब झाली आणि १,२०० रुपये व्याज उत्पन्नात जमा झालं. समजा, तेवढाच नफा वाढला. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३०० रुपये, राखीव निधीत गेला. उरलेल्यातून लाभांश वाटला, तर तो खऱ्या रोखीतून जातो, म्हणजे बहुतेक वेळा ठेवीदारांच्या पैशातून. निधी वाढलेला दिसतो, पण त्यामागे वसूल झालेला रुपया नाही.

ही अडचण कायद्याला फार लवकर कळली होती. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्यात वार्षिक लेखापरीक्षणामध्ये थकीत कर्जांची तपासणी आणि मालमत्ता-देण्यांचं मूल्यांकन करायलाच हवं, असं स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे नुसती बेरीज जुळवणं पुरेसं नव्हतं. येणं खरंच येणार आहे का, हे बघायचं होतं. १९१५ च्या मॅक्लॅगन समितीनेही लेखापरीक्षकाने संस्थेची एकूण स्थिती तपासावी, असा आग्रह धरला.

मग नवं-जुनं ओळखायचं कसं? एकाच नावावर, एकाच तारखेला जमा आणि नावे आहे का, ते किर्दीत पाहा. नवं कर्ज म्हणजे जुनी मुद्दल अधिक व्याज, इतकं नेमकं आहे का, ते तपासा. मग कर्ज खतावणी सभासद नोंदवहीशी ताडून बघा, आणि मिळालं तर सभासदाच्या पासबुकाशीही. मार्चअखेर अशा नोंदींची गर्दी असेल तर थांबून विचार करा.

अहवाल शेवटी सभासदांसमोर वार्षिक सभेत येतो. तिथे बहुधा नफा आणि लेखापरीक्षणाचा वर्ग वाचला जातो. दोषांची यादी मागच्या पानांवर राहते. संशोधकाने मागची पानं आधी उघडावीत. एक मर्यादा मात्र आहे. नोंद काय झाली ते कागद सांगतो, पण ती दुष्काळामुळे झाली की संचालकाच्या नातेवाइकासाठी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सभेचं इतिवृत्त आणि त्या वर्षीचा पाऊस, दोन्ही शोधावे लागतात.