पत्ता तोच, राहणारा दुसरा

गेल्या वर्षी इंदूरच्या एका वाचक बाईंचा मला फोन आला. बडोद्यातल्या जुन्या वाड्यांवरचा आमच्या मंडळाचा 2012 सालचा निबंध त्या वाचत होत्या. "अहो, तुमची चौथी तळटीप उघडली, तर क्रिकेटचा सट्टा निघाला. हा काय प्रकार?" मी घाईघाईनं संगणक उघडला. बाईंचं म्हणणं खरं होतं.

त्या तळटीपेतली साइट आमच्याच एका ज्येष्ठ सभासदांची होती. निवृत्तीनंतर त्यांनी वाड्यांचे नकाशे आणि घरगुती जमाखर्चाच्या वह्या स्कॅन करून तिथं ठेवल्या होत्या. निबंधात आम्ही त्या साइटचे सात दुवे दिले होते. पुढे ते वारले. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्याच ईमेलवर जात राहिल्या. त्या वाचायला कुणी नव्हतं.

डोमेन विकत मिळत नाही, ते मुदतीच्या भाड्यानं मिळतं, हे आमच्यापैकी अनेकांना तेव्हाच कळलं. .com सारख्या नावांसाठी नियम असा आहे की नोंदणी करणाऱ्या कंपनीनं मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा सूचना द्यायच्या. मुदत संपल्यावर कंपनी साधारण 45 दिवसांपर्यंत नाव राखून ठेवू शकते. या काळात साइट बंद पडते, ती मालकाला जाग यावी म्हणूनच. त्यानंतर 30 दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येतं. शेवटचे पाच दिवस मात्र कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव मोकळं होतं. अशा नावांवर टपून बसलेली यंत्रं असतात. चांगलं नाव सुटलं की काही क्षणांत ती ते उचलतात.

आता प्रश्न असा, की वाड्यांच्या नावाची साइट सट्टेवाल्याला कशाला हवी? त्याला नाव नको असतं, त्या नावाकडे येणाऱ्या वाटा हव्या असतात. आपण दुवा देतो तेव्हा आपल्याला वाटतं की आपण त्या वहीकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात दुवा फक्त पत्ता ओळखतो, तिथं कोण राहतो ते नाही. दप्तरखान्यात रुमालाचा क्रमांक दिला तर तो त्या रुमालाचाच असतो, दुव्याचं तसं नाही. शिवाय शोधयंत्रं असे दुवे शिफारशीसारखे मोजतात. आमच्या निबंधाची वेब आवृत्ती, दोन-तीन वृत्तपत्रांची पानं आणि एखाद्या विद्यापीठाची यादी असं सगळं त्या पत्त्याकडे बोट दाखवत होतं. नवा भाडेकरू आला, पण शिफारशी तशाच राहिल्या. म्हणजे वर्षानुवर्षं आमचं मंडळच सट्टेवाल्याची भलामण करत होतं! गूगलनं मार्च 2024 मध्ये या प्रकाराला आपल्या नियमांत उघडपणे गैरवापर ठरवलं. पूर्वी प्राथमिक शाळेची असलेल्या साइटवर जुगाराचा मजकूर, हे त्यांनीच दिलेलं एक उदाहरण आहे.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातलं आहे. 27 जून 2011 रोजी 'ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन' या खटल्याचा निकाल लागला. कॅलिफोर्नियानं लहान मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावर बंधन घातलं होतं, त्याबद्दलचा तो वाद होता. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्राच्या तळटीपेत ssnat.com या साइटचा हवाला दिला. पुढे ते नाव सुटलं आणि एका अनोळखी माणसानं ते घेतलं. त्यानं तिथं जाहिरात लावली नाही, एक टोमणा लावला. त्याचा आशय असा होता की, तुम्ही या पानाचा हवाला दिला नाहीत हे बरं झालं, नाहीतर अलिटोंसारखी तुमचीही फजिती झाली असती, मूळ मजकूर केव्हाच गेलेला असता आणि कुणीतरी हे नाव घेऊन अशीच टिप्पणी केली असती. 2013 मध्ये हार्वर्डच्या जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी तपासलं, तेव्हा त्या न्यायालयाच्या निकालपत्रांतले जवळजवळ निम्मे दुवे मूळ मजकुराकडे जात नव्हते.

तो टोमणेवाला निदान प्रामाणिक होता. बहुतेक भाडेकरू गप्प बसतात, आणि मेलेल्या दुव्यापेक्षा हा प्रकार वाईट आहे. मेलेला दुवा 'पान सापडत नाही' असं स्वच्छ सांगतो, आणि दुवे तपासणारं सॉफ्टवेअर तो पकडतं. बळकावलेल्या नावावर मात्र कुठलंही जुनं पान मागा, मुखपृष्ठ उघडतं. सॉफ्टवेअरला वाटतं सगळं ठीक आहे. कधीकधी नवा मालक जुनी पानं संग्रहातून उचलून जशीच्या तशी पुन्हा मांडतो आणि मधेच चार ओळी आपल्या घालतो. अशा वेळी वाचकाचीही फसगत होते.

मग ओळखायचं कसं? आम्ही प्रथम नोंदणीची तारीख पाहिली. आमचा निबंध 2012 चा आणि नावाची नोंदणी 2019 ची, म्हणजे मधे नाव सुटून दुसऱ्याकडे गेलं हे नक्की. पण उलटं खरं नाही. नाव मोकळं होण्याआधीच कंपनीनं लिलावात विकलं, तर जुनीच तारीख कायम राहते. म्हणून दुसरी खूण पाहावी लागते. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्याच्या प्रतींचं वर्षवार कॅलेंडर दिसतं. त्यात मोठी फट असेल आणि फटीनंतर पानाचा चेहरामोहराच बदलला असेल, तर शंका घ्यावी.

या संग्रहातही पूर्वी एक पेच होता. यंत्रांना मनाई करायची असेल तर साइटवर robots.txt नावाची छोटी फाइल ठेवतात:

```
User-agent: *
Disallow: /
```

वेबॅक मशीन आजच्या मालकाची ही मनाई जुन्या प्रतींनाही लावत असे. म्हणजे परक्यानं नाव घेऊन या दोन ओळी टाकल्या, की आधीच्या मालकाच्या जपलेल्या प्रतीही दिसेनाशा होत. त्या पुसल्या जात नसत, नुसत्या झाकल्या जात. 2017 मध्ये आर्काइव्हनं आपण या पद्धतीपासून दूर जात असल्याचं जाहीर केलं.

आमच्या सात दुव्यांपैकी पाचांच्या प्रती मिळाल्या. सहाव्याचं पान मिळालं, पण त्यावरचं नकाशाचं चित्र जपलंच गेलं नव्हतं. सातवा दुवा जमाखर्चाच्या वहीचा होता, त्याची प्रत कुणीच घेतलेली नव्हती. वेब आवृत्तीतून जुने दुवे आम्ही काढून टाकले आणि पाच ठिकाणी तारीख असलेल्या प्रतीचा पत्ता दिला. त्याचा घाट असा असतो, यातले चौदा आकडे प्रत घेतल्याचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ सांगतात:

```
https://web.archive.org/web/20120314093000/http://example.com/
```

सातव्या तळटीपेत आता दुवा नाही. तिथं वहीचं वर्णन, आम्ही ती कधी पाहिली तो महिना, आणि 'आता उपलब्ध नाही' एवढंच आहे. मूळ वह्या त्यांच्या घरी असतील, म्हणून मी त्यांच्या सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, घर बदललं तेव्हा कागद सगळे दिले हो रद्दीत. नेटवर आहेतच, असं मामंजी म्हणायचे ना."