अनुच्छेद २० मधील ‘आणि’

संविधानाच्या अनुच्छेद २० (२) नुसार एकाच अपराधाबद्दल कोणावरही एकाहून अधिक वेळा खटला चालविता येत नाही आणि शिक्षाही देता येत नाही. १९४९ साली सांताक्रूझ विमानतळावर मकबूल हुसेन यांचे अघोषित सोने जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले. पुढे परकीय चलन कायद्याखाली खटलाही भरण्यात आला. जकात अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, म्हणून जप्ती हा ‘खटला’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली दिला. संरक्षणास पूर्वीचा खटला आणि शिक्षा दोन्ही लागतात; उत्तरपर्यायातील ‘किंवा’ म्हणूनच चुकीचा. निर्दोष सुटलेल्यास आधार मिळतो तो फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचा. खंड (३) मध्येही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण आहे ते केवळ आरोपीस, प्रत्येक साक्षीदारास नव्हे.