कारमान गिया : बीटलच्या तळावर उभी राहिलेली देखणी गाडी

१९५५ साली फोक्सवॅगनची एक नवी गाडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात आली. बुटकी, गोलाईदार, दोन दारांची. तिचा आकार इटलीतील तुरिन शहराच्या गिया या कारखान्याने घडवला होता आणि तिची बांधणी ओस्नाब्रुक येथील कारमान ही कंपनी करीत असे. दोघांच्या नावांवरून तिला ‘कारमान गिया’ म्हटले गेले. दिसायला ती शर्यतीची गाडी वाटे. पण मागचे झाकण उघडले की आत बीटलचेच साधे, हवेने थंड होणारे इंजिन असे.

विल्हेल्म कारमान यांचा कारखाना १९४९ पासून बीटलची उघड्या छताची आवृत्ती बनवीत होता. त्यांना आणखी एक खास गाडी हवी होती. गियाचे प्रमुख लुइजी सेग्रे यांनी १९५३ मध्ये बीटलच्याच तळावर नमुना तयार केला आणि फोक्सवॅगनचे हाइनरिख नॉर्डहॉफ यांनी त्याला मान्यता दिली. तळाचा पत्रा थोडा रुंद करण्यात आला. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक हा सारा सांगाडा मात्र बीटलचाच राहिला.

१९७४ पर्यंत या गाड्या साधारण साडेचार लाख बनल्या. बीटल अखेरपर्यंत दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बनली. म्हणजे एका गियामागे जवळपास पन्नास बीटल. एखाद्या भागासाठी साचा बनवण्याचा खर्च एकदाच होतो. तो पन्नासपट गाड्यांवर वाटला गेला की प्रत्येक नगाची किंमत उतरते. शिवाय मोठी मागणी दिसताच इतर कारखानेही तोच भाग बनवू लागतात, भंगारात काढलेल्या गाड्यांतून जुने भाग मिळतात, आणि गावोगावच्या मेकॅनिकचा हात त्या कामावर बसलेला असतो. दुर्मीळ गाडीच्या मालकाला हे सारे आयते मिळते.

१९६३ सालची एक गिया घ्या. तिची क्लच प्लेट झिजली आहे. बॅटरी, पेट्रोलची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि हीटरच्या जोडण्या सोडवायच्या. मग इंजिनाला गिअरबॉक्सशी धरून ठेवणारे चार बोल्ट काढले की इंजिन मागे सरकवून खाली उतरवता येते. नवी प्लेट त्या वर्षीच्या बीटलची चालते. येथे वर्ष महत्त्वाचे. १९६६ च्या मॉडेलपासून पुढच्या अ‍ॅक्सलची रचना बदलली आणि १९६७ च्या मॉडेलला सहाऐवजी बारा व्होल्टची वीज आली. म्हणून ‘बीटलचा भाग’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या सालच्या बीटलचा, हे सांगावे लागते.

आता त्याच गाडीचे नाक आपटले आहे असे समजा. बीटलचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असल्याने चेपलेले काढून नवे लावता येते. गियाचे तसे नाही. तिच्या पुढच्या भागाचे पत्रे एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असत आणि त्यांवरील सांधे वितळलेल्या कथील-शिशाने भरून, कानशीने घासून एकसंध केले जात. सांधा दिसू नये, हेच तर त्या देखणेपणाचे रहस्य! पण त्यामुळे खराब भाग कापून नवा वेल्ड करावा लागतो आणि सारी गोलाई पुन्हा हाताने जुळवावी लागते. काही मालकांनी हा खर्च टाळून पुट्टीचे जाड थर चढवले. जुनी गिया घेणारा म्हणूनच पत्र्यावर लोहचुंबक फिरवून पाहतो. पुट्टीवर ते धरत नाही. मात्र कारखान्यात भरलेल्या सांध्यांवरही त्याची पकड सैल होते, त्यामुळे एवढ्यावरून निर्णय करता येत नाही. नाकावरील दोन्ही बाजूंच्या जाळ्या सारख्या उंचीवर आहेत का, हे पाहणे अधिक उपयोगी पडते.

यांत्रिक भाग आणि पत्रा यांच्यातील ही दरी काळाबरोबर वाढत गेली. गियाचे उत्पादन १९७४ मध्ये थांबले, तर मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी तयार झाली. मधल्या काळात बीटल बदलली होती, तरी तिच्यासाठी बनणारे कित्येक भाग जुन्या गियालाही लागू पडत. पत्र्याला असा सखा नव्हता.

याच कंपन्यांनी १९६१ मध्ये आणखी एक कारमान गिया काढली. तिचा आधार बीटल नसून फोक्सवॅगनची ‘टाइप ३’ ही मोठी गाडी होती. १९६९ पर्यंत ती जेमतेम साडेबेचाळीस हजार बनली. तिच्या इंजिनाचे भाग टाइप ३ मधून मिळत, पण ती भावंडेच बीटलच्या मानाने फार थोडी, आणि त्यांचेही उत्पादन १९७३ मध्ये संपले. तिचा पत्रा, काचा आणि चकाकत्या पट्ट्या तर टाइप ३ च्याही उपयोगाच्या नव्हत्या. त्यांच्यासाठी दुसरी तशीच गाडी मोडावी लागते, आणि मोडायला तयार असलेला मालक सापडावा लागतो.