एका हास्यातून जन्मलेला नायक

१/ ३१ जुलै १९३० रोजी अमेरिकेतील सीबीएस रेडिओवर ‘डिटेक्टिव्ह स्टोरी अवर’ हा कार्यक्रम सुरू झाला. प्रायोजक होती न्यूयॉर्कची स्ट्रीट अँड स्मिथ ही प्रकाशनसंस्था. आपल्या ‘डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन’चा खप वाढावा, म्हणून त्यातील कथा नाट्यरूपात ऐकवायच्या, एवढाच तिचा हेतू होता.

२/ या कथांसाठी एक गूढ निवेदक योजला गेला. त्याचे नाव ‘द शॅडो’, म्हणजे छाया. त्याला चेहरा नव्हता, पूर्वायुष्य नव्हते. कथेतील घडामोडींतही तो कोठे नसे. आरंभी जेम्स ला कर्टो आणि त्यांच्यानंतर फ्रँक रीडिक या नटांनी त्याला आवाज दिला. रीडिक यांचे ते थंड, कुत्सित हास्य श्रोत्यांच्या मनात घर करून राहिले.

३/ मग विपरीतच घडले. श्रोते वृत्तपत्रविक्रेत्यांकडे जाऊन ‘शॅडोचे मासिक’ मागू लागले. असे मासिक अस्तित्वातच नव्हते! कारण उघड होते. कथा आणि पात्रे दर आठवड्याला बदलत; तोच आवाज आणि तेच हास्य मात्र पुन्हा पुन्हा कानी पडे. ज्याची जाहिरात करायची, ते मासिक लोक विसरले. लक्षात राहिला तो निवेदक.

४/ प्रकाशकांनी ही मागणी ओळखली. एप्रिल १९३१ मध्ये ‘द शॅडो मॅगझिन’ बाजारात आले. जादूचे प्रयोग जाणणारे लेखक वॉल्टर गिब्सन यांनी ‘मॅक्सवेल ग्रँट’ या टोपणनावाने त्यासाठी अडीचशेहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. आवाज आधी आला, नायकाचे चरित्र मागाहून रचले गेले.

५/ सप्टेंबर १९३७ मध्ये शॅडो स्वतःच्याच साहसकथांचा नायक होऊन म्युच्युअल रेडिओवर परतला. भूमिका बावीस वर्षांच्या ऑर्सन वेल्स यांची. आता शॅडो लोकांची मने भ्रमित करून अदृश्य होऊ शकत असे. परंतु रेडिओवर सारेच अदृश्य! तो दिसेनासा झाला, हे श्रोत्याला कळावे कसे?

६/ उत्तर ध्वनीतच सापडले. नायक अदृश्य झाला की त्याचा आवाज फिल्टरमधून जाई. त्यातील खोल आणि तीव्र स्वर गाळले जात आणि टेलिफोनवरून यावा तसा पातळ, दूरस्थ आवाज उरे. साधा आवाज म्हणजे समोर उभा असलेला माणूस. गाळलेला आवाज म्हणजे शॅडो. आरंभीचे हास्य मात्र वेल्स यांचे नव्हते. त्यासाठी रीडिक यांचेच ध्वनिमुद्रण वापरले जाई.

७/ वेल्स १९३८ मध्ये बाहेर पडले. पुढे इतर नट आले आणि कार्यक्रम डिसेंबर १९५४ पर्यंत चालला. नट बदलले तरी श्रोत्याला शॅडो ओळखू येई, कारण त्याची ओळख मुळात चेहऱ्याशी नव्हे, हास्याशी बांधलेली होती.