उणे पाच कसे मांडावे?

मोटारगाडीत मैल मोजणारी आकड्यांची चाके असत, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. समजा, तिथे चारच चाके आहेत आणि त्यांवर ०००० असे दिसते आहे. ती उलटी फिरवून एक मैल मागे नेली तर काय दिसेल? ९९९९. तीन मैल मागे नेली तर ९९९७. म्हणजे या चार चाकांपुरते ९९९७ हेच ‘उणे तीन’ झाले. पटत नसेल तर त्यात पाच मिळवून पाहा. बेरीज येते १०००२. पण पाचवे चाकच नसल्यामुळे पुढचा एक गळून पडतो आणि उरतात दोन. पाचातून तीन वजा केल्यावरही दोनच उरतात की नाही?

ही युक्ती जुनी आहे. ब्लेझ पास्कल याने १६४२ साली जे आकडेमोडीचे यंत्र हाती घेतले, त्याची चाके एकाच दिशेने फिरत. तेव्हा वजाबाकीसाठी त्यानेही पूरक अंकांचाच आधार घेतला होता.

संगणकात अंक दोनच, शून्य आणि एक. त्यांच्या एकेका घराला बिट म्हणतात. आठ घरांत पाच मांडले तर ०००००१०१ असे होतात. मग उणे पाच कसे मांडायचे? उण्याचे चिन्ह ठेवायला वेगळी जागा कुठली!

पहिला मार्ग आपल्या वहीतला : डावीकडचे एक घर चिन्हासाठी राखायचे आणि उरलेल्या घरांत संख्या लिहायची. आयबीएमच्या ७०४ आणि ७०९० या यंत्रांत असेच होते. माणसाला हे सोपे. पण यंत्राला प्रत्येक बेरजेआधी दोन्ही चिन्हे पाहावी लागतात, ती वेगळी असली तर मोठी संख्या कोणती ते ठरवून वजाबाकी करावी लागते. शिवाय शून्ये दोन होतात, एक धन आणि एक ऋण.

दुसरा मार्ग सर्व बिट उलटे करण्याचा. मग उणे पाच म्हणजे ११११०१०. त्यापुढे आठवे घर धरून १११११०१०. हा झाला ‘एकचा पूरक’. यात सात मिळवले तर आठ घरांत ०००००००१ येऊन एक हातचा बाहेर पडतो. तो टाकून चालत नाही. उजवीकडे आणून पुन्हा मिळवावा तेव्हा दोन हे उत्तर मिळते. दोन शून्यांची कटकट इथेही आहेच. तरीही ही पद्धत नावाजलेल्या यंत्रांत होती. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेला सीडीसी ३६०० हा संगणक याच घराण्यातला.

तिसरा मार्ग ‘दोनचा पूरक’. सर्व बिट उलटे करा आणि एक मिळवा. उणे पाच झाले १११११०११. असे का? मूळ संख्या आणि तिचे उलटे रूप यांची बेरीज नेहमी सर्व एकांची येते. त्यात आणखी एक मिळवला की हातचा पुढे पुढे सरकत शेवटच्या घराबाहेर पडतो आणि आत शून्ये राहतात. मैलाच्या चाकांचेच हे दुसरे रूप. आता सात मिळवा :

```
  ००००० १११
+ १११११ ०११
-----------
१ ००००० ०१०
```

बाहेरचा एक सोडून द्या; उत्तर दोन. चिन्ह पाहणे नाही, हातचा परत आणणे नाही, शून्यही एकच. बेरीज करणारी जुळणी एकच. तिला संख्या धन की ऋण याची खबरही नसते.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली एडव्हॅक यंत्राच्या आराखड्यात ऋण संख्यांसाठी हीच वाट सुचवली. केंब्रिजच्या एडसॅकने १९४९ साली ती प्रत्यक्ष चालवली. तिन्ही पद्धती पुढे बरीच वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली आणि तिच्यातल्या पूर्णांकांसाठी दोनचा पूरक स्वीकारला. तेव्हापासून पारडे झुकत गेले. सी++ भाषेच्या प्रमाणग्रंथात मात्र हीच एक पद्धत बंधनकारक व्हायला २०२० साल उजाडले.

आता या सोयीची किंमत. आठ घरांत उणे १२८ पासून अधिक १२७ पर्यंतच संख्या बसतात. १२७ मध्ये एक मिळवला तर १००००००० होते, आणि ते वाचले जाते उणे १२८! उणे १२८ ला जोडीदार नाही. त्याचे बिट उलटवून एक मिळवला तर तेच परत येते. चूक ओळखण्याची खूण अशी : दोन धन संख्यांची बेरीज ऋण आली, किंवा दोन ऋणांची धन आली, तर संख्या घरात मावलेली नाही. यंत्र ही खूण नोंदवते. ती पाहायची की नाही, हे आज्ञावली लिहिणाऱ्यावर असते.

४ जून १९९६ रोजी एरियन ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या मार्गदर्शक यंत्रणेत एक मोठी संख्या सोळा बिटांच्या चिन्हांकित घरात घालायचा प्रयत्न झाला होता. त्या घराची मर्यादा ३२,७६७. संख्या मावत नाही हे यंत्राला कळलेही. पण कळल्यावर करायचे काय, याची त्या ठिकाणी तजवीज नव्हती. मुख्य यंत्रणा थांबली, आणि तीच आज्ञावली चालवणारी राखीव यंत्रणाही त्याच कारणाने थांबली.