घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न

घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न : भारतीय आयकरातील उत्पन्नाचे एक शीर्षक. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कलमे २२ ते २७ या शीर्षकाची होती. भाड्याने दिलेल्या घराच्या गणनेत वजावटींचा क्रम निर्णायक असतो.

समजा, वार्षिक भाडे ३,००,००० रुपये असून ते वाजवी भाड्यापेक्षा कमी नाही. मालकाने त्या वर्षी २०,००० रुपये महापालिका कर भरला. तो वजा जाता निव्वळ वार्षिक मूल्य २,८०,००० रुपये येते. थकलेला किंवा भाडेकरूने भरलेला कर वजा होत नाही.

त्यानंतर निव्वळ मूल्याच्या ३० टक्के, म्हणजे ८४,००० रुपये, प्रमाणित वजावट मिळते. ती थेट भाड्यावर काढली तर ९०,००० रुपये येतात. ही नेहमीची चूक आहे. दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च कितीही असला, तरी ही वजावट बदलत नाही.

शेवटी गृहकर्जावरील व्याज वजा होते. मुद्दलाची परतफेड येथे धरत नाहीत. व्याज २,४०,००० रुपये असल्यास ४४,००० रुपये तोटा येतो. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत पगारासारख्या अन्य उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तशी मुभा नाही.