समांतर रचना (यादीलेखन)

यादीतल्या सगळ्या मुद्द्यांना एकच व्याकरणिक रूप देण्याची पद्धत. इंग्रजी सूचनांमध्ये आज्ञार्थी क्रियापद आरंभी येते, त्यामुळे रूपांची सरमिसळ पहिल्या शब्दातच उघडी पडते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी असते. म्हणून दुरुस्ती करताना मुद्द्यांचे शेवट एकाखाली एक वाचावेत.

उदाहरणार्थ, पाण्याची टाकी धुण्याआधी इमारतीत लावलेल्या सूचनेत ‘रहिवाशांनी’ या शब्दाखाली पुढील मुद्दे आहेत :

• आदल्या रात्री पाणी भरून ठेवणे
• घरातले नळ बंद ठेवा
• मुलांना गच्चीवर पाठवू नये
• गच्चीची किल्ली वॉचमनकडे
• पाणी दुपारी चारनंतर सुरू होईल

दुरुस्ती यादीच्या वरच्या शब्दापासून सुरू होते, कारण मुद्द्यांचे रूप तोच ठरवतो. ‘रहिवाशांनी नळ बंद ठेवा’ हे वाक्य जुळत नाही. ‘रहिवाशांनी’ला विध्यर्थ हवा : पाणी भरून ठेवावे, नळ बंद ठेवावेत. इथे ‘ठेवावे’ आणि ‘ठेवावेत’ यांतला फरक दोष नव्हे. क्रियापद पाणी आणि नळ यांच्याप्रमाणे बदलले आहे. हे शेवट सारखे करायला जाणे ही दुरुस्तीतली नेहमीची चूक. ‘पाठवू नये’ हा विध्यर्थाचाच नकार असल्याने तो मुद्दा तसाच राहतो. आज्ञार्थ निवडायचा असेल तर ‘रहिवाशांनी’ काढून टाकावे लागते, आणि मग मात्र ‘पाठवू नका’ लिहावे लागते.

चौथ्या मुद्द्यात क्रियापदच नाही. किल्ली वॉचमनकडे द्यायची की त्याच्याकडून घ्यायची? हे व्याकरणाने सुटत नाही. सूचना लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते. समांतर रचनेचा मोठा उपयोग हाच, की राहून गेलेला अर्थ ती उघड करते. पाचवा मुद्दा रहिवाशांनी करायचे काम नाही. ‘पाणी सुरू व्हावे’ असे त्याचे रूप बदलले, तर माहितीची इच्छा होईल. तो यादीतून काढून खाली स्वतंत्र वाक्य म्हणून द्यावा. शेवटी ‘रहिवाशांनी’ हा शब्द प्रत्येक मुद्द्याला जोडून मोठ्याने वाचावा. वाक्य पूर्ण झाले की यादी जुळली.

रूप मोडणे कधी आवश्यकही असते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मधील पहिली दहा मूलभूत कर्तव्ये १९७६ साली समाविष्ट झाली. इंग्रजी पाठात त्या दहाही कर्तव्यांचा आरंभ एकाच क्रियारूपाने होतो. २००२ मध्ये जोडलेले अकरावे कर्तव्य मात्र ‘जो माता-पिता किंवा पालक आहे’ अशा अर्थाच्या उपवाक्याने सुरू होते. मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे हे कर्तव्य सर्व नागरिकांचे नसून फक्त पालकांचे आहे. ते उपवाक्य गाळले असते तर रचना एकसारखी झाली असती, पण कर्तव्य प्रत्येक नागरिकावर आले असते.